भाताचे जिवाणू खत : युरियाचे किती पोते वाचते?

पनवेल व उरण तालुक्यांतील पुष्कळशी जमीन १९७० नंतर नव्या मुंबईच्या वसाहतीखाली गेली. जी उरली तिजवर आजही भातच होते. या शिल्लक खाचरांच्या मालकांकडून आम्हांस वारंवार प्रश्न येतो तो असा की, अॅझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू यांची पाकिटे वापरल्यास युरिया व सुपर फॉस्फेट अजीबात बंद करता येईल काय? उत्तर नकारार्थी आहे; परंतु काही थोडे खचित वाचते. ते किती, हे हिशोब मांडूनच पाहिले पाहिजे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की पाकिटातील वस्तू खत नसून विरजण आहे. विरजणाने दुधाचे दही होते, पण चमचाभर विरजण म्हणजे शेरभर दूध नव्हे. खत नियंत्रण आदेशात २००६ साली जिवाणू खतांचा समावेश झाला. त्याप्रमाणे भुकटीच्या एका ग्रॅममध्ये निदान पाच कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. संख्या मोठी दिसते, तरी त्या पेशींतील नत्राचे वजन नगण्यच. त्यांनी शेतात राहून जे काम करावयाचे त्याचेच मोल.

आता एक एकर भात घेऊ. कोकणात सुधारित जातींस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश देण्याची शिफारस आहे. म्हणजे एकरी ४०, २० व २०. चाळीस किलो नत्रास युरिया सुमारे ८७ किलो लागतो, म्हणजे ४५ किलोंची दोन पोती जवळजवळ पुरी. अॅझोस्पिरिलम मुळांच्या सान्निध्यात राहून हवेतील नत्र बांधतो, आणि मुळांची वाढही करतो. सर्व अनुकूल असता त्याच्यामुळे हेक्टरी सुमारे २० किलो नत्राची बचत धरतात. एकरी ती ८ किलो, युरियाच्या भाषेत १७ किलो. दोन पोत्यांपैकी दीडाहून अधिक युरिया द्यावाच लागतो. शिवाय बचतीचा काही भाग केवळ अधिक मुळांनी जमिनीतूनच उचललेल्या नत्राचा असतो. मुळाशी युरिया मुबलक असेल तर हा जिवाणू हवेतील नत्र बांधण्याचे काम मंद करतो. म्हणून पूर्ण मात्रा देऊन वर पाकीट वापरणाऱ्यास नत्राचा फायदा फारसा दिसत नाही.

स्फुरदाची गोष्ट निराळी. हे जिवाणू नवे स्फुरद निर्माण करीत नाहीत. आमची हयात महसुली वह्यांत गेली, सबब त्याच भाषेत सांगतो: अॅझोस्पिरिलम जमेस थोडी भर घालतो, स्फुरदाचे जिवाणू फक्त अडकून पडलेली शिल्लक मोकळी करतात. एकरी वीस क्विंटल भाताबरोबर सुमारे ८ ते १० किलो स्फुरद शेताबाहेर जाते. ते जमेस न टाकता दरवर्षी शिल्लकच उपसली तर खाते रिते होणारच. त्यातही हे जिवाणू आम्ले सोडून चुन्याशी बांधलेले स्फुरद सुलभपणे सोडवितात. आपल्या तांबड्या जांभ्या जमिनीत ते बहुतांशी लोह व अॅल्युमिनियमशी जखडलेले असते, तेथे त्यांचे बळ कमी पडते. चिखलात पाणी साचल्यावर लोहाशी जखडलेल्या स्फुरदाचा काही अंश आपोआपच सुटतो, त्याचे श्रेय पाकिटास देऊ नये. पालाशाबाबत तर या दोन्ही जिवाणूंवर मुळीच विसंबू नये.

वापर करावयाचा तो असा. मिठाच्या पाण्यात पोचट दाणे काढल्यावर बियाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे आणि दहा किलो बियाण्यास प्रत्येक भुकटी २५० ग्रॅम चोळावी. लावणीच्या वेळी रोपांची मुळे भुकटी कालविलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवावीत. बुरशीनाशक लावावयाचे असेल तर ते आधी लावावे व जिवाणू शेवटी; एकत्र कालवल्यास पेशी मरतात. दुकानाच्या पत्र्याखाली तापलेले, किंवा मुदत उलटलेले पाकीट घेऊ नये. ते वरून जसेच्या तसे दिसते, हीच खरी फसगत. खारजमिनीत मिठाचा त्रास पिकाप्रमाणे जिवाणूंनाही होतो, तेथे कमी बचत धरावी.

आमच्या परिचयाच्या एका खातेदाराने पाकिटाच्या भरवशावर फुटव्याच्या वेळचा युरियाचा हप्ताच वगळला. श्रावणात खालची पाने पिवळी पडली, फुटवे कमी निघाले. नंतर युरिया दिल्याने पाने हिरवी झाली, पण न निघालेले फुटवे काही आले नाहीत. कपात करावयाची ती प्रत्येक हप्त्यातून थोडथोडी करावी, एखादा हप्ता गाळू नये.

ज्यास स्वतः खात्री करावयाची असेल त्याने एकाच खाचरात दोन पट्टे ठेवावेत. दोन्हींस एकरी ८७ ऐवजी ७० किलो या प्रमाणात युरिया द्यावा, बाकी खते सारखी. एकाच पट्ट्यातील रोपे जिवाणूंच्या पाण्यात बुडवावीत. मधल्या बांधाने पाणी अलग ठेवावे, नाहीतर जिवाणू व युरिया दोन्ही इकडचे तिकडे जातात. झोडणीनंतर दोहोंचे भात वाळवून वेगवेगळे तोलावे. एका सालावर भरवसा न ठेवता हे तीन खरिपांत करावे.