एक शून्य कुठे गेलं?

संत तुकाराम नगरात राहतो आणि भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीनिंग वर्कशॉपचे हिशेब बघतो. गेल्या वर्षी मालकांना बँकेची सीसी लिमिट वाढवून हवी होती. फाइलला महिनावार विक्रीचा एक तक्ता आणि त्याखाली एक आलेख जोडायचा, एवढंच काम होतं. रात्री घरी बसून एक्सेलमध्ये केलं.

एप्रिलची विक्री ८४,६०,००० रुपये, मेची ९७,२०,००० आणि जूनची १,१२,५०,०००. आलेख काढला, तर उभ्या अक्षावर 12000000 असे लांबलचक आकडे आले. शून्यं मोजताना डोळे फिरायचे. आमच्या चाकणच्या परदेशी गिऱ्हाइकाच्या अहवालात अक्षावर नेटकं ‘12 M’ असतं. तिथली युक्ती मला माहीत होती: फॉरमॅटच्या शेवटी दोन स्वल्पविराम. म्हटलं, एमच्या जागी कोटी लिहू.

```
0,,"कोटी"
```

अक्ष झटकन सुंदर झाला. २ कोटी, ४ कोटी, वर १२ कोटीपर्यंत. मालकांनीही पाहिला आणि सही केली.

बँकेतल्या अधिकारी मॅडमनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाल्या, “महिन्याला अकरा कोटींची विक्री? तुमच्या जीएसटी रिटर्नमध्ये तर सगळ्या वर्षाचे मिळून बारा कोटी दिसतात.” मालकांनी माझ्याकडे पाहिलं. तक्त्यात आकडे बरोबरच होते, चूक फक्त आलेखात होती. पण फुगवलेला आलेख बघितल्यावर तक्त्यावर कोण विश्वास ठेवणार? फाइल परत आली.

घोळ कुठे झाला? फॉरमॅटमध्ये शेवटी दिलेला प्रत्येक स्वल्पविराम आकड्याला हजाराने भागतो. दोन दिले की दहा लाखांनी भागलं, म्हणजे मिलियन. कोटीला भागाकार हवा एक कोटीचा. पुढे अवतरणात काहीही लिहा, एक्सेल ते निमूट छापतं. त्याला कोटीचा अर्थ कळत नाही. म्हणून एक कोटीचे दहा होतात. लाख लिहिलं असतं तर उलटी गंमत झाली असती: ४० लाखांचे चार लाख. हजाराच्या घातांत लाखही बसत नाही आणि कोटीही नाही, त्यामुळे नुसत्या स्वल्पविरामांनी हे काम होत नाही.

सरळ वाट अक्षाला फॉरमॅट देतो त्याच खिडकीत होती. अक्षावर उजवी क्लिक करून `Format Axis` उघडा. तिथे `Display units` या यादीत `Millions` सोबत `100000` आणि `10000000` हेही पर्याय असतात. लाख आणि कोटी या नावांनी नसल्यामुळे नजरेतून सुटतात, इतकंच. आमच्या आकड्यांना मी `100000` निवडलं. आधीचा फॉरमॅट मात्र खालच्या `Number` मध्ये तसाच राहिला होता, म्हणून सगळीकडे ‘0कोटी’ दिसायला लागलं. तिथे साधा `0` दिला आणि अक्ष २०, ४०, ६० करत १२० वर गेला. शेजारी एक्सेल ‘x 100000’ अशी चिठ्ठी लावतं; ती पुसून ‘रुपये लाखांत’ लिहिलं.

इथे लाखच का? कोटी निवडून `0` हाच फॉरमॅट ठेवला तर २० लाखांच्या टप्प्यांवर ०, ०, ०, १, १, १, १ असं वाचायला मिळतं. ०.२ आणि ०.४ शून्य होतात, ०.६ आणि ०.८ एक. अक्षावर तोच आकडा पुन्हापुन्हा दिसला तर दशांश कमी पडलेत असं समजा. कोटीच हवे असतील तर `0.0` द्या, पण ‘०.२ कोटी’ आपल्याकडे कोण म्हणतं?

पूर्ण रुपयेच दाखवायचे, फक्त स्वल्पविराम आपल्या पद्धतीने हवेत, तर हा फॉरमॅट चालतो:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;#,##0
```

याला एक्सेल दोनच अटी लावू देतं. उरलेलं सगळं तिसऱ्या भागात जातं, उणे आकडेही. त्यामुळे साडेबारा लाखांचा तोटा -1,250,000 असा छापला जाईल. नफ्यातोट्याच्या आलेखाला म्हणूनच मी हा वापरत नाही. शिवाय हा आणि `Display units` एकत्र लावू नका. लाखांनी भागलेल्या आकड्यावर लाखाची अट ठेवून उपयोग काय?

बँकेत किंवा सीएकडे जाणारा आलेख असेल तर मी आता आणखी साधं करतो. तक्त्याशेजारी एक स्तंभ, त्यात `=B2/100000`, आणि आलेख त्या स्तंभावरून. फाइल कोणाच्याही मशीनवर उघडा, ११२.५ चे ११२.५च राहतात.

दुरुस्त फाइल बँकेने घेतली, पण मॅडमनी सोबत बारा महिन्यांची जीएसटी रिटर्न मागवली आणि प्रत्येक महिना आलेखाशी ताडून पाहिला. तुमचा आलेख पाठवण्याआधी निदान एक महिना तरी विक्री रजिस्टर उघडून तुम्हीच ताडून घ्या.