रेंज गेली, ती फक्त माझीच

गेल्या हंगामात कापसाचा चुकारा खात्यात जमा झाला आणि त्याच आठवड्यात माझा नंबर दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनमध्ये सुरू झाला. सिम स्वॅप म्हणतात तो हाच प्रकार. आमच्या हिंगणघाटकडे पुष्कळांना वाटतं, ओटीपी कोणाला सांगितला नाही म्हणजे पैसे सुरक्षित. इथे तो तुम्हाला कोणी विचारतच नाही, सरळ चोराच्या फोनवर जातो.

चोर आधी तुमची माहिती जमवतो. नाव, जन्मतारीख, आधारची झेरॉक्स आणि खोट्या लिंकवरून काढून घेतलेला नेट बँकिंगचा पासवर्ड. मग बनावट कागद दाखवून "सिम हरवलं" म्हणत त्याच नंबरचं नवीन सिम घेतो. कधी कंपनीचा माणूस असल्याचं सांगून तोच तुम्हाला फोन करतो. ५जी करून देतो म्हणत सिमवरचा वीस अंकी नंबर विचारतो, एखादा एसएमएस पाठवायला लावतो किंवा ई-सिमच्या विनंतीला तुमच्याकडूनच होकार घेतो. नवीन सिम सुरू झालं की जुनं त्याच क्षणी बंद पडतं.

मलाही असा ५जीचा फोन आला होता. मी नाही म्हणून ठेवून दिला. त्यानंतर रात्री बराच वेळ कोरे कॉल येत राहिले. वैतागून तुम्ही फोन बंद करावा, म्हणजे रेंज गेलेली कळणार नाही, हा त्यामागचा डाव असतो. डिसेंबर २०१८ मध्ये माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याला रात्री अकरा ते दोनच्या दरम्यान सहा मिस्ड कॉल आले होते. सकाळी त्याचं सिम बंद होतं आणि खात्यातून २८ व्यवहारांत १ कोटी ८६ लाख रुपये गेले होते.

माझी रेंज गेली शनिवारी दुपारी. घरात वायफाय असल्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप नेहमीसारखं चालू होतं, म्हणून लगेच लक्षात आलं नाही. बायकोच्या फोनमध्ये त्याच कंपनीचं सिम, तिथे रेंज भरपूर. फोन बंद करून चालू केला, सिम काढून पुन्हा घातलं, तरी काही नाही. तेव्हा ती म्हणाली, "माझ्या फोनवरून तुमचा नंबर लावून पाहते." लावला, तर तिकडे रिंग वाजत होती आणि माझ्या हातातला फोन गप्प. नंबर लागतो पण आपला फोन वाजत नाही, याहून स्पष्ट खूण नाही. "सिम बदलण्याची विनंती मिळाली" असा संदेश आला, तर तीही तितकीच गंभीर. त्या संदेशात नकार कळवायची सोय असते, ती तिथल्या तिथे वापरा.

मी पहिला फोन बँकेला केला. नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड तिन्ही बंद करायला लावलं, तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घेतली. लगेच मोबाइल कंपनीला सांगून नवीन सिम बंद करवलं. दूरसंचार विभागाच्या नियमाप्रमाणे बदललेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस चालत नाहीत. माझे पैसे वाचले ते याच मुदतीमुळे. पण कॉल चालू असतात, आणि काही सेवा कोड कॉलवरही सांगतात. माझ्या ईमेलचा पासवर्ड तेवढ्यात बदलला गेला होता. म्हणून बँकेनंतर ईमेल सोडवा. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला.

पैसे गेलेच असतील तर १९३० ला फोन करायला तासाचाही उशीर नको. रक्कम पुढच्या खात्यात पडून असेपर्यंतच ती गोठवता येते, तिथून काढली की हाती लागणं कठीण. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर किंवा वर्ध्याच्या सायबर पोलिसांकडे द्या.

बँकेला लेखी कळवताना एक गोष्ट विसरू नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची खबर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर बोजा येत नाही. जबाबदारी ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं असतं. सिम स्वॅपमध्ये तो संदेश चोराकडे गेलेला असतो. म्हणून सिम कधी बंद पडलं आणि संदेश आपल्याला मिळालाच नाही, हे अर्जात लिहा आणि कंपनीकडून सिम बदलल्याची तारीख-वेळ लेखी मागून सोबत जोडा. अर्जाच्या आपल्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.