एका क्लिकला दोन

फाइल ओढत नेताना ती वाटेतच सुटून भलत्या फोल्डरमध्ये पडायला लागली, की माझा संशय थेट डाव्या बटणाखालच्या मायक्रोस्विचवर जातो. एक टॅब बंद करताना दोन बंद झाले तर माणूस आधी स्वतःच्या बोटालाच बोल लावतो. सेटिंगमध्ये जाऊन डबल-क्लिकचा वेग बदलून पाहतो. त्याने काही साधत नाही. डावं-उजवं बटण अदलाबदल करून पाहावं. दुहेरी क्लिक त्याच डाव्या बटणावर राहिली आणि उजवं नीट चाललं, तर बिघाड स्विचमध्ये आहे.

स्विचच्या डबीत तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी असते. बटण दाबलं की ती टक्‌कन उलटून संपर्कबिंदूवर आपटते आणि क्षणभर थरथरते. नव्या स्विचमध्येही ही थरथर असतेच, पण ती काही मिलिसेकंदांत थांबते आणि माऊसमधली चिप तेवढा वेळ दुर्लक्ष करते. वापराने पट्टीचा ताण उतरतो, संपर्कबिंदूवर पुटं चढतात आणि जोड जास्त वेळ तुटतो. चिपला वाटतं, दुसरी क्लिक आली. डबीवर एक-दोन कोटी क्लिकचं आयुष्य सांगितलेलं असलं, तरी माझा स्विच त्याच्या फार आधी गेला.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर माझा माऊस थोडे दिवस सुधारला आणि पुन्हा मूळ पदावर आला. मग नवा स्विच आणून दुरुस्तीच्या दुकानात दिला. तिथल्या पोराने तीन पायांपैकी एक तापवला आणि स्विच उपसला. त्याबरोबर बोर्डवरची तांब्याची गोल चकतीही निघून आली. त्या जागी बारीक तार ओढून जोड द्यावा लागला. खरं तर तिन्ही पायांवर आधी ताजं सोल्डर चढवायचं, ते एकदम वितळवायचं आणि स्विच आपसूक सुटेल तेव्हाच उचलायचा. जोर लावायचा नाही. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण स्विचवरची चिमुकली कळ मधोमध नसते. उलटा बसला तर बटण तिच्यावर नीट टेकतच नाही. वायरलेस माऊस असेल तर आधी बॅटरी काढावी.

चारशे रुपयांच्या माऊससाठी मी हा खटाटोप करणार नाही. स्विच काही रुपयांत मिळतो, पण मजुरी नि हेलपाटे धरले की नवा माऊसच परवडतो. तीन-चार हजारांचा, हाताला बसलेला माऊस असेल तर मात्र स्विच बदलावा, आणि उघडलाच आहे तर उजवाही. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हातच लावू नये. ते बहुधा तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले असतात, आणि उचकटलेली पट्टी पाहून दुकानदार तक्रार घेत नाही. नवा घ्यायचाच झाला तर ऑप्टिकल स्विचचा पाहावा. त्यात क्लिक प्रकाशाच्या अडथळ्यावर ओळखली जाते, त्यामुळे धातूची पट्टी थरथरली तरी क्लिक एकच मोजली जाते.