तंबाखू सुटते, पण रांगेत पुन्हा भेटते

तालुक्याच्या दवाखान्यात तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन करताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. माणूस तंबाखू सोडतो घरी आणि पुन्हा धरतो ती ठरलेल्या एखाद्या जागी. ती जागा आधीच शोधली नाही, तर बाकी सगळा सल्ला वाया जातो.

ऊसवाहतूक करणारे एक ट्रॅक्टरवाले दादा आले होते. डाव्या गालात, बार ठेवायच्या नेमक्या जागी, पुसून न जाणारा पांढरा चट्टा. डॉक्टरांनी तपासून त्यांना पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली आणि माझ्याकडे पाठवलं.

सुरुवात विचारण्यापासून होते. “तंबाखू खाता का?” एवढ्यावर थांबू नये. मी विचारलं, “सकाळी उठल्यावर पहिला बार किती वेळानं?” ते म्हणाले, “तोंड धुवायच्या आधीच, ताई.” उठल्यापासून अर्ध्या तासात तंबाखू लागत असेल, तर शरीर निकोटिनवर चांगलंच अवलंबून आहे, हे ओळखावं. अशा माणसाला नुसतं ‘मन घट्ट करा’ म्हणून भागत नाही.

मग सल्ला, तोही त्याच्या स्वतःच्या तोंडाबद्दल. आरसा हातात दिला आणि म्हटलं, “दादा, बार ठेवता तिथंच हा चट्टा आहे. अशा चट्ट्याचा पुढं कॅन्सर होऊ शकतो. तंबाखू आता पूर्ण बंद करा.” लगेच विचारलं, “तयारी आहे का?” ते हो म्हणाले. दोन आठवड्यांच्या आतली तारीख त्यांनीच ठरवली. आदल्या रात्री पुडी आणि चुन्याची डबी घराबाहेर, ट्रॅक्टरच्या सीटखालचीसुद्धा, असं ठरलं.

डॉक्टरांनी निकोटिन गमची गोळी लिहून दिली. तंबाखू खाणारे ती साध्या च्युइंगगमसारखी भराभर चावतात आणि उचकी, छातीत जळजळ झाली की फेकून देतात. म्हणून ती कशी वापरायची हे समोर बसवून शिकवावं. हळू चावायची, तिखट चव आली किंवा झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची, चव गेली की पुन्हा हळू चावायची. एक गोळी साधारण अर्धा तास चालते. गोळी घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा नको.

पहिल्या आठवड्यात चिडचिड झाली, झोप उडाली. हे होणारच, आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं, हे आधी सांगितलं असल्यानं ते डगमगले नाहीत. मात्र गळीत हंगाम सुरू झाला आणि ते खाली मान घालून परत आले. “सुटली होती, ताई. पुन्हा लागली.”

इथं रागावलं, तर माणूस परत येत नाही. मी विचारलं, “कुठं होता? कोण होतं? हातात काय होतं?” उत्तर नेमकं मिळालं. कारखान्यावर वजनकाट्याची रांग, रात्रीची वेळ, हात रिकामे, आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं मळून तळहातावर ठेवलेली चिमूट. एक चिमूट खाल्ली, मग ‘आता मोडलंच आहे’ म्हणून पहाटे पुडी घेतली. एकदा घसरणं वेगळं आणि पुडी घेणं वेगळं. या दोहोंच्या मध्येच माणसाला अडवता येतं.

मग आम्ही एका कागदावर चार ओळी लिहिल्या. रांगेत लागण्याआधी गोळी तोंडात. कुणी चिमूट पुढं केली तर म्हणायचं, “नको, तोंडात चट्टा आलाय, डॉक्टरांनी बंद केलंय.” तलफ आली की खाली उतरायचं, पाणी प्यायचं, ट्रॉलीभोवती चक्कर मारायची, तलफ बहुधा काही मिनिटांत उतरते. आणि चुकून खाल्लीच, तर लगेच थुंकायची, पुडी घ्यायची नाही, सकाळी फोन करायचा. ते नकाराचं वाक्य मी त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं. कारण ऐन वेळी नवीन वाक्य सुचत नाही. खिशात भाजलेली बडीशेप ठेवायला सांगितली, सुपारी नाही. सुपारीनंही कॅन्सर होतो. मशेरीही तंबाखूच आहे.

पुढची तपासणी ठरल्याप्रमाणे झाली. हंगामात आणखी एकदा ते घसरले, पण या वेळी सकाळी त्यांचा फोन आला आणि पुडी घेतलेली नव्हती. हंगाम संपेपर्यंत तंबाखू बंद होती.

तुम्ही स्वतः सोडत असाल किंवा कुणाला सोडवत असाल, तर तारखेबरोबर ती जागाही लिहा. टपरी असेल, पार असेल, लग्नाचा मांडव असेल. तिथं काय बोलायचं आणि घसरल्यावर कुणाला फोन करायचा, हेही लिहा. जवळ समुपदेशक नसेल, तर 1800-11-2356 या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर बोला. आणि तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तर तंबाखू सुटण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.