पहिलटकरणीचे तीन धडे

दर महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात गरोदर मातांची गर्दी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झाले, तेव्हापासून हा दिवस डॉक्टरांकडून होणाऱ्या तपासणीसाठी ठरलेला आहे. वजन, रक्तदाब, रक्त, लघवी अशी सगळी तपासणी झाली, की नर्सबाई भिंतीवरचा तक्ता दाखवून आहार, गोळ्या आणि धोक्याची लक्षणे सांगतात. शेवटी विचारतात, "समजलं ना?" सगळ्या जणी मान हलवतात. बाहेर आल्यावर एखाद्या पहिलटकरणीला विचारावे, काय काय सांगितले, तर उत्तर मिळते, "पालेभाजी खा म्हणाल्या."

यात त्या मुलीचा दोष नाही. वीस गोष्टी एका दमात ऐकल्या तर कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. म्हणून हे शिक्षण तीन धड्यांत वाटून, प्रत्येक धड्यात थोडेच सांगावे आणि सांगितलेले तिच्याच तोंडून वदवून घ्यावे. हे तीन धडे कोणते, ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरणातील मुलगी कोणी एक नव्हे, अशा अनेक मातांच्या अनुभवांवरून ते बेतले आहे.

पहिला धडा : नोंदणीच्या वेळी

आपली ही मुलगी वीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेले. पाळी चुकून दोन महिने झाल्यावर आशाताईंनी तिला केंद्रात आणले. पहिल्या बारा आठवड्यांत नाव नोंदवावे, असा नियम आहे. कारण या वेळचा रक्तदाब आणि वजन हातात असेल, तरच पुढे झालेला बदल ओळखता येतो.

या भेटीत मुलीला मळमळ होत असते आणि तिचे बोलण्याकडे लक्ष नसते. म्हणून दोनच गोष्टी सांगाव्यात. एक, दोन वेळा पोटभर जेवण जात नसेल तर तेच अन्न दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज घ्यावी. दुसरी, अंगावरून थोडेही रक्त गेले, पोटात जोराची कळ आली किंवा पाण्याचा घोटही पोटात टिकेना, तर त्याच दिवशी केंद्रात यावे. एवढेच. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या हाती द्यावे आणि त्यावरचा फोन नंबर तिलाच वाचायला लावावा.

दुसरा धडा : पाचव्या महिन्यात

पाचव्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन ८.८ भरले. गरोदरपणी ते ११ किंवा त्याहून जास्त हवे. लोहाच्या गोळ्या तर चौथ्या महिन्यापासूनच दिल्या होत्या. "गोळ्या घेतेस का?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते, "हो." म्हणून नर्सबाईंनी विचारले, "पाकिटात किती राहिल्यात?" तेव्हा कळले, की तीस गोळ्यांतल्या बावीस शिल्लक आहेत. गोळीने शौचाला काळे होते, म्हणून बाळही काळे होईल, असे शेजारणीने सांगितले होते. ज्या आठ घेतल्या, त्याही सकाळच्या चहाबरोबर.

शौचाचा काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो, बाळाच्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. चहातील द्रव्ये मात्र लोहाला आतड्यात धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. म्हणून गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. लिंबू पिळलेले पाणी किंवा आवळा चालेल, त्याने लोह अधिक शोषले जाते. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या वाटेत येते, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे. या मुलीला वेळापत्रक असे आखून दिले: कॅल्शियम सकाळच्या न्याहारीनंतर आणि दुपारच्या जेवणानंतर, लोहाची एक गोळी चारच्या सुमारास आणि दुसरी रात्री झोपताना. रक्त कमी असल्याने तिला दोन गोळ्या दिल्या. रक्त ठीक असेल तर रोज एकच पुरते आणि ती सहा महिने घ्यायची असते. महिन्याभराने तिचे हिमोग्लोबिन ९.९ झाले. महिन्यात एक अंकही वाढ झाली नसती, तर पुढच्या रुग्णालयात पाठवून दुसरे कारण शोधावे लागले असते.

आहाराचा धडा तक्त्यावर न शिकवता ताटात शिकवावा. नर्सबाईंनी तिला आदल्या दिवशी सकाळपासून काय खाल्ले ते सांगायला लावले: चहा, दुपारी दीड भाकरी आणि पातळ कालवण, संध्याकाळी चहा, रात्री एक भाकरी आणि भात. "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि बाळंतपण जड जातं," असे घरी सांगितले होते. उलट, कमी खाण्याने बाळ कमी वजनाचे जन्मते आणि आई अशक्त राहते, बाळंतपण मात्र सोपे होत नाही.

गरोदरपणी रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. हा आकडा कोणाच्या ध्यानात राहणार? म्हणून नर्सबाईंनी त्याची भाकरी केली. नेहमीच्या जेवणापेक्षा दिवसाला एक ज्वारीची भाकरी आणि एक वाटी घट्ट डाळ किंवा उसळ जास्त. या मुलीचे नेहमीचे जेवणच कमी होते, म्हणून तिला मधल्या वेळी मूठभर शेंगदाणे आणि गूळही सांगितला. घरात अंडी चालत असतील तर रोज एक अंडे. अंगणवाडीतून मिळणारा शिधा घरात सर्वांच्या ताटात जातो, हेही सासूबाईंच्या समोरच बोलावे. सुनेने घरी जाऊन ते सांगायचे म्हटले, तर ती सांगणार नाही.

तिसरा धडा : माहेरी जाण्याआधी

इथे आपल्याकडची एक रीत ध्यानात घ्यावी लागते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि पहिलटकरीण माहेरी जाते. म्हणजे पाच-सहा महिने सासरच्या गावी जे शिकवले, ते सासूबाईंनी आणि नवऱ्याने ऐकलेले असते. धोका बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत येतो आणि त्या वेळी घरात असते तिची आई, जिने यातले काहीच ऐकलेले नाही. केंद्र बदलते, नर्सबाई बदलतात, कधी कधी कार्डही सासरीच राहते. म्हणून धोक्याच्या लक्षणांचा धडा माहेरी जाण्याआधी द्यावा आणि माहेरी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या आईला बरोबर घेऊन तिथल्या केंद्रात तोच धडा पुन्हा घ्यावा.

हा धडा डोक्यापासून पायापर्यंत, हात लावून शिकवला की पाठ होतो. डोके : न थांबणारी डोकेदुखी, अंधारी किंवा डोळ्यांपुढे चमकणे. चेहरा आणि हात : सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, बांगड्या घट्ट झालेल्या. छाती : बसल्या जागी धाप लागणे. पोट : सतत दुखणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे. खाली : रक्त किंवा पाणी जाणे. आणि सर्वांगाला जोराचा ताप किंवा झटके. यातले एक जरी लक्षण दिसले, तरी सकाळची वाट पाहायची नाही.

सूज सगळीच वाईट नसते, हे इथेच सांगावे. दिवसभर उभे राहून संध्याकाळी पावले सुजली आणि रात्रीच्या झोपेने उतरली, तर ते बहुतेकींना होते. चेहऱ्यावरची आणि हातांवरची सूज मात्र दाखवायलाच हवी. बाळाच्या हालचालीची शंका आली, तर काही खाऊन डाव्या कुशीवर पडावे आणि मोजावे. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत, तर निघावे.

धडा संपल्यावर नर्सबाईंनी "समजलं का?" असे विचारले नाही. त्यांनी विचारले, "रात्री दहाला डोकं ठणकायला लागलं तर काय करशील?" मुलगी म्हणाली, "बाम लावीन." म्हणजे धडा पोहोचला नव्हता. त्यांनी तो पुन्हा सांगितला आणि पुन्हा तेच विचारले. दुसऱ्या वेळी उत्तर आले, "१०८ ला फोन करायचा, कार्ड घ्यायचं आणि निघायचं."

छत्तिसाव्या आठवड्यात, माहेरी, नेमके तेच घडले. सकाळी चेहरा जड वाटला, बांगड्या रुतल्या. संध्याकाळी डोके ठणकू लागले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. आई म्हणाली, "अगं, पित्त झालंय. सुंठ उगाळून लावते, सकाळी बघू." लेक म्हणाली, "आई, हे त्या नर्सबाईंनी सांगितलेलं आहे. तू पण ऐकलंस ना मागच्या आठवड्यात?" आईला आठवले आणि फोन केला गेला.

केंद्रात रक्तदाब १६०/११० भरला आणि लघवीत प्रथिने सापडली. गरोदरपणी १४०/९० हाच जास्त धरतात. हा आजार पहिलटकरणींत अधिक दिसतो आणि त्याची पुढची पायरी म्हणजे झटके. तिला रक्तदाबाचे औषध आणि झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनचा पहिला डोस देऊन जिल्हा रुग्णालयात पाठवले. तिथे रक्तदाब आटोक्यात आणून बाळंतपण केले गेले. बाळ २ किलो १०० ग्रॅमचे, काही दिवस नवजात शिशू कक्षात राहून आईच्या कुशीत आले.

हा आजार शिकवल्याने टळत नाही, हे नीट समजून घ्यावे. मीठ बंद केल्यानेही तो टळत नाही. कित्येकींना रक्तदाब वाढला तरी काहीच जाणवत नाही, म्हणून बरे वाटत असले तरी ठरल्या दिवशी रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यावीच. झटका आलाच, तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि तोंडात चमचा घालू नये. तिला डाव्या कुशीवर वळवून ताबडतोब गाडी बोलवावी. बाळंतपणानंतरच्या दिवसांतही झटके येऊ शकतात, म्हणून तेव्हाही डोके दुखले तर ते बाळंतिणीचा अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नये.

आपल्या घरी लेक माहेरपणाला आली असेल, तर आजच तिच्या पिशवीत कार्ड आहे का ते पाहावे. मग तिला विचारावे, "डोक्यापासून सांग बरं, काय झालं तर जायचं?" तिला सांगता आले नाही, तर पुढच्या तपासणीला आईनेही तिच्याबरोबर जावे.