पेसमेकर आणि शर्टाचा खिसा

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी डावीकडे पेसमेकर बसवला. मोबाइल जवळ नको म्हणतात. विमानानं लेकीकडे जाता येईल का? हात हलवायलाही भीती वाटते.
– एक वाचक, सातारा

उत्तर : मोबाइल जरूर वापरा, फक्त उजव्या कानाला लावा आणि डाव्या खिशात ठेवू नका. काही फोनमध्ये लोहचुंबक असतं. ते पेसमेकरवर टेकलं, तर यंत्र तुमचे ठोके न बघता ठरावीक गतीनं चालू लागतं. फोन १५ सेंटिमीटर दूर नेला की पूर्ववत होतं.

डॉक्टरांना विचारून विमानानं खुशाल जा. तपासणीत पेसमेकरचं कार्ड दाखवा, कमानीत रेंगाळू नका.

डावा हात आणखी तीन आठवडे खांद्याच्या वर उचलू नका, तार सरकू शकते. पण अगदी जखडूनही ठेवू नका, खांदा आखडतो. चक्कर आली किंवा जखम सुजली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.