पावतीवरचं नाव

चि. शुभांगीस,


नव्या पतसंस्थेसाठी सुचवलेल्या नावांची यादी मिळाली. त्यातलं 'महिला बँक' आधी काढून टाक. पतसंस्थेला नावात 'बँक' लावता येत नाही. २०२० साली कायदा बदलला आणि पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने तसा जाहीर इशारा दिला. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, आपल्या ठेवीला तो नाही. शंभर रुपये घेऊन पहिल्यांदा येणारी बाई 'बँक' ऐकून तो विमा गृहीत धरेल. ती फसवणूकच झाली.

'उतरंड' तुला आवडलंय, मलाही आवडलं. आजी खालच्या मडक्यात पैसे ठेवायची, ते कुणाला ठाऊक नसायचं. आपल्याकडे मात्र रुपयान् रुपया पावतीवर यायला हवा. शिवाय उतरंड म्हटलं की ती कोसळणंच आधी आठवतं.

'समृद्धी'बद्दल जरा सविस्तर लिहिते. 'महिला ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्था मर्यादित' हे शेपूट नोंदणीबरोबर येतंच, आपल्या हातात असतो तो पुढचा एखादा शब्द. आमच्या संस्थेचा तो शब्द असाच जोडाक्षरांचा होता. बायकांना तो वाचता येईना, मग त्या 'सचिवबाईंची पतसंस्था' म्हणू लागल्या. मला त्याचं कौतुक वाटायचं. पुढे रोजची बचत गोळा करणाऱ्या एका मुलीने स्टेशनरीच्या दुकानातलं साधं पावतीपुस्तक वापरून चार महिने पैसे घेतले. वीस-बावीस जणींकडे त्या पावत्या होत्या. संस्थेचं नाव छापलेलं नाही, हे एकीच्याही लक्षात आलं नाही, कारण ते नाव त्यांच्या डोळ्यांना कधी ओळखीचंच झालं नव्हतं. विश्वास होता, पण तो माणसांवर.

म्हणून पहिला शब्द गावाचा किंवा परिसराचा घे. म्हसवडची बँक १९९७ साली उभी राहिली ती 'माणदेशी' या नावाने. एसटीच्या पाटीवर, रेशनकार्डावर बाईने आपल्या गावाची अक्षरं पाहिलेली असतात, तीच पावतीवर नसली तर तिला खटकतं. देवीचं नाव नको. तालुक्यात त्याच नावाच्या दोन संस्था असतील आणि एक बुडाली, तर दुसऱ्या दिवशी रांग तुमच्या दारात लागेल. सहायक निबंधकांच्या कार्यालयात मिळतीजुळती नावं आधी बघून ये.

नाव राखून मिळालं की त्याच नावाने खातं उघडून भागभांडवल भरायचं असतं. नंतर बदलायचं म्हणजे सर्वसाधारण सभेचा ठराव, निबंधकांची मंजुरी, नवे शिक्के, नवी पासबुकं. आणि नाव बदललं म्हणजे काहीतरी लपवताहेत, अशी कुजबुज होते ती वेगळीच.

तेव्हा प्रस्ताव देण्याआधी तीन नावांच्या नमुना पावत्या ठळक अक्षरांत छापून घे. बाजाराच्या दिवशी दहा जणींना दाखव आणि तासाभराने विचार, पैसे कुठे ठेवायचे म्हणाले होते? त्या जे सांगतील ते जसंच्या तसं लिहून मला पाठव.

तुझी,
आत्या